कडुनिंब तसाच ठेवून इमारत कशी दिसली: एका वाचनालयाच्या रेंडरचा हिशोब

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत व्हायची होती, आर्किटेक्ट मॅडमनी ड्रॉइंग आणि स्केचअपचं मॉडेल पाठवलं आणि मला समोरून एक मोठा रेंडर, म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरवर बनवलेलं खऱ्यासारखं चित्र, करायला सांगितला, जो विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये दाखवायचा आणि नंतर देणगीच्या पत्रकावर छापायचा. मी असले रेंडर बरीच वर्षं करतेय, तरी या कामात पहिला रेंडर पूर्ण चुकला आणि तो का चुकला हे मला मोजायला बसल्यावरच कळलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, आकड्यांसकट.

इमारत साधी होती. समोरची रुंदी 18 मीटर, तळमजला आणि वर एक मजला, 60 सेंटीमीटरचा चौथरा, दोन मजले प्रत्येकी 3.6 मीटर आणि वर 1 मीटरचा कठडा, म्हणजे जमिनीपासून एकूण 8.8 मीटर. तोंड पूर्वेला. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. एक, समोरची लांब ओटी आणि तिच्या चार पायऱ्या, जिथं सकाळी लोक पेपर वाचत बसणार. दोन, उजवीकडे ओटीला समांतर जाणारा रॅम्प, 60 सेंटीमीटर चढायला 1:12 च्या उतारानं 7.2 मीटर लांबीचा. तीन, अगदी उजव्या टोकाला जिन्यापुढची भाजक्या विटांची जाळी, 3 मीटर रुंद, खालपासून कठड्यापर्यंत. आणि प्लॉटवर आधीपासून एक कडुनिंब उभा आहे, डाव्या बाजूला, भिंतीपासून 3 मीटरवर, 11 मीटर उंच, 8 मीटर पसाऱ्याचा. वाचनाची खोली मुद्दाम त्याच्यामागं घेतलेली, सावली मिळावी म्हणून. पुढं कंपाउंड वॉल नाही, फक्त 45 सेंटीमीटरचा बसायचा कट्टा. मग 9 मीटरचा रस्ता आणि पलीकडे मैदान.

पहिल्या रेंडरमध्ये मी काय केलं ते सांगते. कॅमेरा मैदानात ठेवला, इमारतीपासून 24 मीटरवर, ते बरोबर होतं. पण फोटो भरलेला दिसावा म्हणून उजव्या बाजूला कॅमेऱ्याजवळ एक झाड घेतलं, अर्धं फ्रेमच्या बाहेर, पानं वरून लोंबणारी. दारापुढं रस्त्यावर एक मोठी पांढरी एसयूव्ही. चौदा माणसं, सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली तयार, सूट घातलेली, हातात कॉफीचे कप. आणि कडुनिंब वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर येत होता म्हणून तो काढून त्याच जागी 5 मीटरचं एक सुटसुटीत झाड ठेवलं. स्क्रीनवर चित्र छान दिसत होतं, मलाही आवडलं होतं.

मीटिंगमध्ये विश्वस्तांपैकी एक निवृत्त हेडमास्तर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ चित्र बघितलं आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, "हा दारातला माणूस आत जाताना वाकणार का?" आणि दुसरा, "आपला कडुनिंब तोडायचं ठरलंय का? कुणी ठरवलं?" दुसऱ्या प्रश्नावर मीटिंगचा सूरच बदलला. अर्धा तास झाडावरच चर्चा, मॅडम सांगतायत की झाड राहणार आहे, डिझाइनच त्याच्याभोवती केलंय, आणि समोर भिंतीवर माझं चित्र ज्यात ते झाड नाही. ओटी, रॅम्प, जाळी यावर एक शब्द बोलला गेला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण चूक पूर्ण माझी होती आणि ऐकून मॅडम घेत होत्या.

घरी येऊन आधी दारातला माणूस मोजला. दार 2.1 मीटरचं. माणसाचं मॉडेल मुळात 1.88 मीटरचं होतं, आणि इमारतीपुढं तो बारका दिसतोय असं वाटून मी कधीतरी स्केल टूलनं 1.1 पट ओढला होता, झाला 2.07. म्हणजे दाराच्या चौकटीला टेकायला फक्त तीन सेंटीमीटर बाकी. आपल्याकडे पुरुषाची उंची सरासरी 1.65 च्या आसपास आणि बाईची साधारण 1.52, हे धरलं तर माझा माणूस जवळजवळ दोन वीत जास्त उंच होता. आणि याचा परिणाम माणसावर दिसत नाही, इमारतीवर दिसतो! बघणारा माणसाला नॉर्मल धरतो आणि मग दार बुटकं, मजला कमी उंचीचा, जिना अरुंद वाटतो. मॅडमनी 3.6 मीटरचा मजला दिला होता आणि माझ्या चित्रात तो साध्या फ्लॅटसारखा दिसत होता.

मग गाडी. गाडी मोजायची माझी आता एक ठरलेली पद्धत आहे, टायर बघायचा. वॅगनआरसारख्या छोट्या कारचा टायर जमिनीपासून वरपर्यंत 58-59 सेंटीमीटर भरतो, म्हणजे आपल्या 60 च्या चौथऱ्याएवढा, चार पायऱ्यांएवढा. एसयूव्हीचा टायर मोठा असतो हे मान्य, पण माझ्या चित्रातल्या गाडीचा टायर सहाव्या पायरीपर्यंत गेला असता. मॉडेल नेटवरून उतरवलेलं, कुठल्या युनिटमध्ये बनवलंय माहीत नाही, इम्पोर्ट केल्यावर डोंगराएवढं आलं आणि मी ते नजरेनं लहान करत गेले, 'ठीक दिसतंय' तिथं थांबले. लांबी मोजली तर 5.6 मीटर. फॉर्च्युनरसुद्धा 4.8 च्या आतच आहे. असं मॉडेल आलं की नजरेनं ओढायचंच नाही. कंपोनंटवर डबल क्लिक करून आत जायचं, टेप मेझर टूलनं गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोजायचं आणि लगेच खरी लांबी टाइप करून एंटर, स्केचअप विचारतं की सगळं याप्रमाणे बदलू का, हो म्हणायचं. एका मापावरून बाकीची सगळी प्रमाणात येतात, आणि त्याच कंपोनंटच्या बाकी कॉप्या पण एकदम सुधारतात.

आता झाकण्याचा हिशोब, जो मी त्या रात्री पहिल्यांदा नीट कागदावर मांडला. कॅमेऱ्यापासून इमारत 24 मीटरवर असेल तर मधली कुठलीही वस्तू इमारतीवर किती रुंदी झाकते हे काढायला वस्तूची रुंदी गुणिले 24 भागिले त्या वस्तूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, बस एवढंच. माझं उजवीकडचं झाड कॅमेऱ्यापासून 8 मीटरवर होतं आणि फ्रेमच्या आत त्याचा फक्त 2 मीटर पसारा येत होता. 2 गुणिले 24 भागिले 8, म्हणजे 6 मीटर! 35 एमएमच्या लेन्सला इमारतीच्या अंतरावर फ्रेम साधारण 24.5 मीटर रुंद दिसते, म्हणजे इमारतीच्या दोन्ही बाजूंना सव्वातीन-सव्वातीन मीटर मोकळे. त्या सहातले सव्वातीन मीटर मोकळ्या जागेवर पडत होते आणि उरलेले पावणेतीन मीटर बरोबर जाळीवर. 3 मीटरच्या जाळीतली पाव मीटर शिल्लक. मी फ्रेम सजवायला लावलेल्या एका फांदीनं डिझाइनमधली सगळ्यात कष्टाची गोष्ट खाल्ली होती आणि मला ते दिसलंच नाही, कारण मॉडेल मी दोन आठवडे बघत होते, जाळी कुठंय हे मला पाठ होतं. बघणाऱ्याला पाठ नसतं.

गाडीचं पण तेच. वॅगनआर 3.65 मीटर लांब, पावणेदोन मीटरला थोडी कमी उंच. कॅमेऱ्यापासून 18 मीटरवर, म्हणजे रस्त्याच्या इमारतीकडच्या कडेला लावली तरी इमारतीवर जवळजवळ 4.9 मीटर रुंद आणि 1.7 मीटर उंच भाग झाकते. चौथरा, पायऱ्या, रॅम्प हे सगळं 60 सेंटीमीटरच्या आतलं. म्हणजे लोकांना इमारतीत जायचा रस्ता दाखवणारा जो भाग आहे तोच गाडीच्या मागं जातो, आणि माझी तर गाडीच 5.6 मीटरची होती.

दुसऱ्या वेळेला म्हणून उलटीकडून सुरुवात केली. आधी नुसता पांढरा क्ले रेंडर काढला, झाडं-माणसं-गाड्या काही नाही, आणि मॅडमना पाठवून त्यांच्याकडून लाल रंगानं खुणा करून घेतल्या की इथं काही झाकलं जाऊ द्यायचं नाही. त्यांनी चार लाल तुकडे केले, पायऱ्या, रॅम्पची पूर्ण लांबी, जाळी आणि ओटीचा मधला भाग. बाकी सगळं मला मोकळं. या एका कामाला त्यांना दहा मिनिटं लागली असतील आणि नंतरचे तीन दिवस त्यानं वाचले.

त्यानंतर कॅमेरा. उंची 1.6 मीटर, जमीन सपाट, टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. इथून पुढं सगळं एका रेषेवर चालतं, क्षितिजरेषेवर. कॅमेरा 1.6 वर असेल तर जमिनीवरच्या कुठल्याही बिंदूपासून क्षितिजरेषेपर्यंतचं चित्रातलं अंतर म्हणजे त्या ठिकाणचे 1.6 मीटर, बिंदू जवळ असो नाहीतर लांब. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की फोटोशॉपमध्ये कटआउट, म्हणजे माणसांचे कापून घेतलेले फोटो, लावताना अंदाज करायची गरजच पडत नाही. माझी इमेज 3600 बाय 2400 पिक्सेलची, क्षितिजरेषा खालून 700 पिक्सेलवर. (टू-पॉइंटमध्ये चित्र पॅन केलं की क्षितिज इमेजच्या मधोमध राहत नाही, त्यामुळं ती रेषा शोधून गाइड टाकूनच ठेवायची, ओटीच्या आणि छज्ज्याच्या मागं जाणाऱ्या आडव्या रेषा वाढवल्या की जिथं मिळतात ती उंची.) आता कॅमेऱ्यापासून 12 मीटरवर रस्त्यात माणूस उभा करायचाय, त्याचे पाय क्षितिजाच्या 471 पिक्सेल खाली येतात. 471 म्हणजे 1.6 मीटर, तर 1.65 चा माणूस 486 पिक्सेल. डोळे रेषेच्या किंचित खाली, टाळू किंचित वर. मागं इमारतीजवळ उभा केला तर 235 पिक्सेलला 1.6, माणूस 242. दोघांची डोकी जवळपास एकाच रेषेत, पाय मात्र वेगवेगळ्या उंचीवर. रेंडर बघताना माणसं तरंगताना किंवा खड्ड्यात उभी असल्यासारखी वाटली तर पहिल्यांदा हेच तपासायचं, डोकी एका ओळीत आहेत का.

पण ही ओळ सपाट जमिनीपुरतीच. इथं माझी पूर्वी कायम चूक व्हायची. ओटीवर उभी बाई 60 सेंटीमीटर वर आहे, म्हणजे तिच्या पायापासून क्षितिजापर्यंत फक्त 1 मीटर, 147 पिक्सेल, आणि 1.55 ची बाई तिथं 228 पिक्सेल येते. तिचं डोकं रेषेच्या चांगलं वर गेलंच पाहिजे. सगळ्यांची डोकी एका रेषेत ठेवायचा नियम आंधळेपणानं लावला तर ओटीवरची माणसं सगळी एक मीटरची होतात, आणि मग चौथरा दिसतच नाही, ओटी रस्त्याच्या लेव्हलला आहे असं वाटतं. उलट बरोबर लावली तर चौथऱ्याची उंची सांगायला वेगळं काही लागत नाही, खाली उभा माणूस आणि वर उभी बाई यांच्या डोक्यातला फरक बघूनच कळतं की चार पायऱ्या आहेत. रॅम्पच्या मध्यावर असलेला माणूस 30 सेंटीमीटर वर, व्हीलचेअरवर बसलेल्याचे डोळे चाकांच्या जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर, आठ वर्षांचं पोरगं सव्वा मीटरच्या आसपास. हे सगळे रेषेशी वेगवेगळे बसतात.

माणसं चौदावरून सात केली, आणि प्रत्येकाला काम दिलं. एक मुलगी दुसऱ्या पायरीवर, म्हणजे पायऱ्या चढायच्या आहेत हे कळतं. रॅम्पवर व्हीलचेअरवरचे एक आजोबा आणि मागं ढकलणारा नातू, दोघंही रॅम्पच्या वरच्या बाजूला, खालचा निम्मा उतार मोकळा ठेवून, नाहीतर रॅम्पची कड माणसांच्या मागं जाते. ओटीवर पेपर वाचणारे दोघं, बसलेले, त्यामुळं मागची दारं दिसतात. कट्ट्यावर एक बाई पिशवी घेऊन. आणि रस्त्यात जवळ एकच माणूस, सायकल हातात धरून, पाठमोरा, डाव्या बाजूला कडुनिंबाच्या बुंध्याच्या रेषेत, म्हणजे जिथं काही लपण्यासारखं नाही तिथं. परदेशी कटआउट सगळे काढले. साडीतली, धोतरातली माणसं लायब्ररीत मिळेनात म्हणून वाचनालयाच्या जुन्या जागेत येणाऱ्या लोकांनाच विचारून, त्यांच्या परवानगीनं फोटो काढले, सकाळच्या उन्हात, पूर्वेकडून, कॅमेरा 1.6 वर धरून आणि निदान सात-आठ मीटर लांबून. जवळून काढला तर पावलं वरून बघितल्यासारखी येतात आणि असा माणूस कितीही मापात बसवला तरी चिकटवलेलाच वाटतो.

गाड्या जवळजवळ काढूनच टाकल्या. डाव्या कडेला फ्रेमनं अर्धी कापलेली एक वॅगनआर, मागचा भाग दिसणारी, निघून जातेय अशी. कट्ट्याच्या डाव्या टोकाला एक ॲक्टिव्हा आणि तीन सायकली, त्यांच्यातून आरपार दिसतं. गाडी आहे हे कळायला एवढं पुरतं, आणि वाचनालयाला लोक सायकलनं, स्कूटरनंच येतात हे खरंही आहे. काही जण रस्ता रुंद दिसावा म्हणून गाड्याच पाच-दहा टक्के बारीक करतात, ते मला पटत नाही, 9 मीटरचा रस्ता 9 मीटरचाच दिसला पाहिजे, उद्या माणूस तिथं जाऊन उभा राहणार आहे.

आता कडुनिंब. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. कॅमेऱ्यापासून 21 मीटरवर, 8 मीटर पसारा, म्हणजे इमारतीवर साधारण 9 मीटर, निम्मी रुंदी. फांद्या 3 मीटरपासून सुरू होतात, त्यामुळं ओटी खालून दिसते, पण वरचा मजला निम्मा जातो. पहिल्यांदा वाटलं कॅमेरा बाजूला सरकवू. करून बघितलं, काही उपयोग नाही, आणि का नाही तेही आकड्यात दिसतं. झाड भिंतीपासून फक्त 3 मीटरवर आहे, म्हणून कॅमेरा 7 मीटर सरकवला तर झाड भिंतीवर जेमतेम 1 मीटर सरकतं. भिंतीला लागून असलेलं झाड कॅमेऱ्याला जुमानत नाही. कॅमेऱ्याजवळचं झाड एक पाऊल बाजूला झालं की निघून जातं. झाड अर्धं पारदर्शक करायचा पर्याय होता, एलिव्हेशनच्या शीटवर मी तो वापरते सुद्धा, पण खऱ्यासारख्या दिसणाऱ्या रेंडरमध्ये भुतासारखं झाड नको होतं, आणि ज्या लोकांनी त्या झाडाखाली बसून पेपर वाचलेत त्यांच्यापुढं तर अजिबात नको.

उत्तर झाडाकडूनच मिळालं. कडुनिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि पाडव्याच्या सुमाराला कोवळी तांबूस पालवी येते, तेव्हा झाड 11 मीटरचंच असतं, पसारा तोच, फांद्या त्याच, पण आरपार दिसतं. मग रेंडरची तारीखच मार्चअखेर, सकाळी साडेनऊ धरली. मॉडेल निवडताना 10 मीटरचं विरळ पानांचं झाड घेतलं आणि 1.1 पट केलं, त्याच्यापेक्षा जास्त नाही. 4 मीटरचं झाड ओढून 11 मीटर केलं की पानंही पावणेतीन पट होतात, सहा सेंटीमीटरची पर्णिका सोळा सेंटीमीटरची होते, बुंध्याची साल ढोबळ दिसते, आणि बघणाऱ्याला नेमकं कारण कळत नसलं तरी झाड खोटं आहे हे कळतं. मापात झाडं आणायची असतील तर मूळ मॉडेलच उंचीच्या जवळचं शोधायचं.

कॅमेऱ्याजवळचं झाड काढल्यावर पुढचा रस्ता रिकामा, पांढराफटक दिसत होता. तिथं झाडाऐवजी झाडाची सावली आणली. ऊन कॅमेऱ्याच्या मागून येतंय, तर कॅमेऱ्याच्या मागं मैदानात, फ्रेममध्ये न येणारी दोन 10 मीटरची झाडं उभी केली. मैदानाच्या कडेला खरोखर झाडं आहेत म्हणून हे चालतं. त्या वेळेला सूर्य साधारण 40 अंशावर, 10 मीटर झाडाची सावली साधारण 12 मीटर, ती मैदानावरून रस्त्यात येऊन थांबते. पुढचा भाग भरला आणि जाळीवरची एक वीटही झाकली गेली नाही. शिवाय कडुनिंबाची विरळ सावली भिंतीवर पडली, त्यामुळं वरच्या मजल्याच्या खिडक्या किती आत आहेत ते जास्तच स्पष्ट झालं.

शेवटी तपासायला मी रेंडर लहान करून मोबाइलवर हाताच्या अंतरावर धरला आणि घरात कुणाला तरी विचारलं की आत कुठून जायचं. आईनं लगेच पायऱ्यांवर बोट ठेवलं आणि मग म्हणाली, "आणि इकडून आजोबांना ढकलत नेतायत." रॅम्प हा शब्द कुणी न सांगता.

दुसऱ्या मीटिंगला गुरुजींनी चित्र हातात घेतलं, कडुनिंबाच्या बुंध्यावर बोट फिरवलं, मग ओटीवर आले, तिथून जाळीवर, आणि जाळीतून पाऊस जिन्यात येईल का असं मॅडमना विचारलं. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली, आतल्या बाजूला पन्हळ घ्यायचं ठरलं. वाचनाच्या खोलीची डावीकडची एक खिडकी अजून मोठ्या फांदीमागं अर्धी आहे, पत्रक छापताना प्रेसवाल्यानं विचारलं की ती फांदी काढू का, मी नको म्हणाले. ती फांदी तिथं खरंच आहे.